अंदाजपत्रकाची बाब आणि खातेवहीचे लेखाशीर्ष : एका जोडणी तक्त्याचे प्रकरण

या प्रकरणातील संस्था मध्यम आकाराची आहे. ती प्रशिक्षण देते, क्षेत्रकार्य करते आणि तिचा हिशेब संगणकीय प्रणालीत, प्रत्येक व्हाउचर रीतसर नोंदवून ठेवला जातो. खातेवही व्यवस्थित होती, लेखापरीक्षणात तिच्यावर कधी गंभीर शेरा आला नव्हता आणि अंदाजपत्रकही वर्षारंभी विभागप्रमुखांशी चर्चा करूनच मंजूर होत असे. तरीही दर तिमाहीनंतर अंदाजपत्रकाचा अहवाल आणि खातेवहीचा अहवाल एकमेकांशी जुळत नसत. ते जुळवण्यासाठी लेखाधिकाऱ्यांना कित्येक दिवस स्प्रेडशीटपुढे बसावे लागे, आणि शेवटी ‘समायोजन’ नावाची एक ओळ घालून बेरीज जुळवली जाई. ती ओळ कशाची आहे, हे पुढच्या तिमाहीपर्यंत कोणालाच आठवत नसे.

प्रकरण नीट समजावे म्हणून येथे संस्थेची सगळी लेखाशीर्षे न घेता त्यांतील मोजकीच घेतली आहेत आणि रकमा हजारांत, सोप्या आकड्यांत मांडल्या आहेत. अंदाजपत्रकात पाच बाबी धरू: वेतन (B10), प्रशिक्षण कार्यशाळा (B20), क्षेत्रभेटी (B30), कार्यालय चालवणे (B40) आणि संगणक व उपकरणे (B50). खर्च केंद्रे तीन आहेत: प्रशिक्षण (10), क्षेत्रकार्य (20) आणि प्रशासन (90). खातेवहीत मात्र लेखाशीर्षे खर्चाच्या स्वरूपानुसार लावलेली आहेत, म्हणजे पगार, प्रवास, भाडे, छपाई, मानधन, घसारा अशी.

अडचणीचे मूळ येथेच आहे. अंदाजपत्रक ‘कशासाठी खर्च’ या प्रश्नाचे उत्तर देते, तर खातेवहीतील लेखाशीर्ष ‘काय विकत घेतले’ या प्रश्नाचे. कार्यशाळेच्या बाबीत प्रवास येतो, सभागृहाचे भाडे येते, छपाई येते आणि तज्ज्ञांचे मानधनही येते. उलट प्रवासाच्या एका लेखाशीर्षात कार्यशाळांचा प्रवास, क्षेत्रभेटींचा प्रवास आणि कार्यालयीन कामाचा प्रवास असे तिन्ही एकत्र पडलेले असतात. त्यामुळे नुसत्या लेखाशीर्षावरून बाब ठरवता येत नाही. ती ठरवण्याचा प्रयत्न केला, की कोणीतरी कुठेतरी टक्केवारी लावतो.

या संस्थेत नेमके तेच झाले होते. कोणते लेखाशीर्ष कोणत्या बाबीत मोजायचे हे सांगणाऱ्या, लेखाधिकाऱ्यांच्या जुन्या जोडणी तक्त्यात प्रवासाच्या खर्चापैकी ४० टक्के कार्यशाळांना आणि ६० टक्के क्षेत्रभेटींना, तर भाड्यापैकी २५ टक्के कार्यशाळांना आणि ७५ टक्के कार्यालयाला असे प्रमाण लिहून ठेवलेले होते. हे प्रमाण पूर्वी कधीतरी, त्या वर्षीचे व्हाउचर पाहून काढले होते, आणि त्या वर्षापुरते ते बरोबरही असावे.

आता पहिल्या तिमाहीची खातेवही पाहू. सर्व व्हाउचरवर खर्च केंद्र आधीपासूनच नोंदले जात होते. अहवाल तयार करताना मात्र त्याचा उपयोग कोणी केला नव्हता.

| लेखाशीर्ष | केंद्र 10 | केंद्र 20 | केंद्र 90 | एकूण |
|---|---|---|---|---|
| 5100 पगार | ३०० | ३६० | २४० | ९०० |
| 5210 प्रवास | ८४ | १५० | १६ | २५० |
| 5310 भाडे | ६० | – | १८० | २४० |
| 5410 छपाई व लेखनसाहित्य | ४५ | – | २५ | ७० |
| 5510 मानधन | ११० | – | – | ११० |
| 5610 घसारा | – | – | ३० | ३० |
| एकूण खर्च | | | | १,६०० |

खातेवहीतील सर्व खात्यांच्या शिलका एकत्र मांडणाऱ्या तेरजेनुसार तिमाहीचा एकूण खर्च १,६०० होता. जुन्या तक्त्यातून निघालेल्या अंदाजपत्रकीय अहवालात मात्र वेतन ९००, कार्यशाळा ३४०, क्षेत्रभेटी १५० आणि कार्यालय २५० असे आकडे येऊन बेरीज १,६४० होत होती. म्हणजे ४० चा फरक. लेखा विभागातील दोघांनी ४० च्या रकमेचे व्हाउचर शोधण्यात वेळ घालवला, तसे व्हाउचर सापडले नाही, आणि अखेर कार्यालयाच्या बाबीत ‘समायोजन वजा ४०’ लिहून अहवाल सादर झाला.

त्या ४० चे व्हाउचर सापडणे शक्यच नव्हते, कारण तो एक फरक नव्हता. दोन फरकांची ती वजाबाकी होती. छपाईचे लेखाशीर्ष 5410 जुन्या तक्त्यात दोनदा लिहिलेले होते, एकदा कार्यशाळांपुढे आणि एकदा कार्यालयापुढे, आणि दोन्ही ठिकाणी त्याची संपूर्ण ७० ची रक्कम ओढली जात होती. म्हणजे बेरीज ७० ने फुगली होती. दुसरीकडे घसाऱ्याचे लेखाशीर्ष 5610 तक्त्यात कुठेच नव्हते, त्यामुळे ३० गळून गेले होते. सत्तर वजा तीस म्हणजे चाळीस. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना माहीत असते की फरक एखाद्या लेखाशीर्षाच्या पूर्ण रकमेइतका असेल तर तो बहुतेक वेळा गळतीचा किंवा दुहेरी मोजणीचा असतो. पण असे दोन फरक एकत्र मिसळले, की ही खूण पुसली जाते. म्हणून निव्वळ फरकाच्या मागे लागण्याआधी गळती आणि दुहेरी मोजणी वेगवेगळी तपासावी लागते.

प्रशिक्षण विभागप्रमुखांची तक्रार याहून वेगळी होती. त्यांच्या स्वतःच्या नोंदवहीप्रमाणे कार्यशाळांवर ३२७ खर्च झाले होते. अहवाल ३४० दाखवत होता. फरक अवघा १३ चा असल्यामुळे ‘एखादे बिल मागेपुढे झाले असेल’ असे म्हणून तो सोडून दिला गेला. वस्तुस्थिती अशी होती की दोन्ही आकड्यांना खातेवहीचा आधार नव्हता. केंद्र 10 वर नोंदलेला खर्च मोजला तर ८४, ६०, ४५ आणि ११० मिळून तो २९९ होतो. अहवालातील ३४० मध्ये प्रशासनाचा १६ चा प्रवास टक्केवारीच्या वाटेने शिरला होता आणि कार्यालयाची २५ ची छपाई दुहेरी ओढली गेली होती. विभागप्रमुखांच्या ३२७ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यशाळेसाठी दिलेली २८ ची उचल धरली होती. तिचा हिशेब अजून सादर झाला नसल्याने खातेवहीत ती खर्चात नव्हे, तर येणे बाजूस, उचलीच्या खात्यात उभी होती. २९९ अधिक २८ म्हणजे ३२७. दोन्ही बाजूंचे आकडे असे एकदा उलगडल्यावर मतभेदाला जागाच उरली नाही, मात्र तिमाही संपून तोवर बराच काळ लोटला होता.

याच अहवालात B50 पुढे खर्च शून्य होता. प्रत्यक्षात त्या तिमाहीत १२० चे संगणक घेतले गेले होते. पण ते मालमत्तेच्या 1510 या लेखाशीर्षावर, म्हणजे ताळेबंदात नोंदले गेले आणि जुना तक्ता फक्त 5 ने सुरू होणारी लेखाशीर्षे वाचत होता. तरतूद शिल्लक दिसत असल्यामुळे त्याच बाबीतून आणखी एका खरेदीचा प्रस्ताव आला होता. जुळणीतील ही सर्वांत महाग पडू शकणारी चूक आहे असे माझे मत आहे, कारण येथे बेरजेत फरक दिसतच नाही. खर्चाच्या लेखाशीर्षांची बेरीज तेरजेशी जुळली तरी मालमत्ता खरेदीची बाब रिकामीच राहते.

नवी रचना करताना एकच नियम आधी ठरवण्यात आला आणि पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघाले. जोडणी तक्ता रकमेला फक्त बाबीचे नाव देईल. तो रक्कम बदलणार नाही, तोडणार नाही आणि वाटणार नाही. ज्या ठिकाणी रक्कम विभागणे आवश्यक आहे, तेथे ती विभागणी खातेवहीत रोजकीर्दीच्या नोंदीने होईल, म्हणजे तिचे व्हाउचर असेल, तारीख असेल आणि मंजुरीची सही असेल. टक्केवारी स्प्रेडशीटमध्ये बसली की अंदाजपत्रकाचा आकडा आणि खातेवहीचा आकडा कायमचे दोन होतात, आणि ते जुळवण्याचे काम दर वेळी माणसाकडे येते.

या नियमाचा पहिला परिणाम असा की जोडणीची किल्ली लेखाशीर्ष अधिक खर्च केंद्र अशी जोडीची झाली, आणि प्रत्येक जोडी एकाच बाबीकडे जाईल असे ठरले. एका बाबीकडे अनेक जोड्या जाऊ शकतात. एक जोडी दोन बाबींकडे कधीच जाऊ शकत नाही. 5210 आणि 10 म्हणजे कार्यशाळा, 5210 आणि 20 म्हणजे क्षेत्रभेटी, 5210 आणि 90 म्हणजे कार्यालय. वरच्या तक्त्यातील प्रत्येक भरलेला चौकोन अशा रीतीने एका बाबीत बसतो.

येथे एक सूचना अशी आली होती की व्हाउचरवरच बाबीचा क्रमांक लिहायला लावावा, म्हणजे जोडणी तक्त्याची गरजच पडणार नाही. सूचना वरकरणी सोपी वाटते आणि काही ठिकाणी ती योग्यही असते, पण या संस्थेने ती नाकारली आणि माझ्या मते बरोबर नाकारली. नोंद करणारी व्यक्ती लेखाशीर्ष निवडते, खर्च केंद्र निवडते, आणि त्यावर तिसरा रकाना दिला तर तो पहिल्या दोघांशी विसंगत भरला जाण्याची शक्यता तयार होते: पगाराच्या लेखाशीर्षावर क्षेत्रभेटींची बाब, किंवा प्रशासनाच्या केंद्रावर कार्यशाळेची. मग त्या विसंगतींची तपासणी करण्याचे नवे काम उभे राहते. जे दोन रकान्यांवरून निश्चित ठरते, ते तिसऱ्यांदा विचारू नये.

अर्थात सर्व बाबी दोन रकान्यांवरून ठरत नव्हत्या. कार्यशाळांच्या मूळ अंदाजपत्रकात कर्मचाऱ्यांचा प्रवास आणि तज्ज्ञांचा प्रवास अशा दोन उपबाबी होत्या, आणि दोन्ही 5210 व 10 याच जोडीत पडत. अशा वेळी भेद कशाचा आहे ते पाहावे लागते. भेद खर्चाच्या स्वरूपाचा असेल, तर नवे लेखाशीर्ष उघडावे. भेद हेतूचा असेल, म्हणजे दोन वेगळे उपक्रम असतील, तर नवे खर्च केंद्र उघडावे. दोन्हींची कोणालाच गरज नसेल, तर अंदाजपत्रकातील त्या उपबाबी एकत्र कराव्यात. या तिसऱ्या पर्यायाचा विचार फार कमी वेळा होतो. तज्ज्ञांच्या प्रवासाचा स्वतंत्र आकडा कोण वाचते, असे विचारल्यावर येथे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आले. ती उपबाब जुन्या अंदाजपत्रकाच्या नमुन्यातून वर्षानुवर्षे उतरत आली होती. ती काढून टाकली आणि लेखाशीर्ष फोडण्याचे काम वाचले.

‘आकस्मिक खर्च’ नावाची बाब मात्र काढून टाकता येण्यासारखी नव्हती. तिच्यापुढे तरतूद होती, पण तिला जोडण्यासारखे लेखाशीर्ष नव्हते, आणि असूही नये. आकस्मिक म्हणून कोणी खर्च करत नाही. खर्च शेवटी प्रवासाचा, दुरुस्तीचा किंवा छपाईचाच असतो. म्हणून असे ठरले की या बाबीला कोणतीही जोडी जोडायची नाही. गरज पडेल तेव्हा तिच्यातील तरतूद मंजुरीने संबंधित बाबीकडे वळती करायची. या बाबीपुढे प्रत्यक्ष खर्च कधीही दिसला, तर तक्त्यात चूक आहे असे समजायचे.

कार्यालयाच्या १८० च्या भाड्याबाबत चर्चा अधिक लांबली. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात हे भाडे तिन्ही केंद्रांवर वाटून दाखवायचे होते, आणि पहिला मोह अर्थातच तक्त्यात टक्केवारी लिहिण्याचा होता. त्याऐवजी दर महिन्याच्या अखेरीस एक वाटणी नोंद करण्याचे ठरले: 5310 व 10 नावे, 5310 व 20 नावे, 5310 व 90 जमा. लेखाशीर्ष तेच राहते, त्यामुळे भाड्याची एकूण रक्कम आणि तेरीज बदलत नाही. बदलते फक्त केंद्र. मात्र येथे एक गुंता उद्भवतो. 5310 व 10 ही जोडी आधीच सभागृहांच्या भाड्यासाठी कार्यशाळांकडे जात होती, आणि आता कार्यालयीन भाड्याचा हिस्साही तिच्यातच येऊन पडला असता. दोन्ही खर्चांचे स्वरूप वेगळे, म्हणून वर सांगितलेल्या नियमानुसार सभागृह भाड्यासाठी 5320 हे नवे लेखाशीर्ष उघडले गेले. वाटणीची नोंद घालण्यापूर्वी ती ज्या जोड्यांवर उतरणार आहे त्या आधीपासून कोणत्या बाबींना बांधलेल्या आहेत, हे पाहिले नाही तर एक दुरुस्ती करताना दुसरी बाब बिघडते.

जोडणी तक्ता प्रत्यक्ष बांधण्याचे काम स्प्रेडशीटमध्येच झाले. मागील वर्षाच्या खातेवहीतून ज्या जोड्यांवर एक तरी नोंद होती त्या सगळ्या काढल्या आणि प्रत्येकीपुढे एक बाब लिहिली. ‘5100, सर्व केंद्रे’ अशी सोयीची ओळ मुद्दाम टाळली. पगाराच्या तिन्ही जोड्या स्वतंत्र लिहिल्या. याचे कारण पुढे येईल. किल्ली तयार करण्याचे सूत्र साधे होते:

```
=A2&"_"&B2
```

मधले चिन्ह बिनमहत्त्वाचे वाटते, पण तसे नाही. येथे टिंब वापरले आणि किल्ली हाताने टाइप केली, तर 5210.10 ही संख्या समजली जाऊन 5210.1 होते आणि केंद्र 10 चे केंद्र 1 होऊन बसते. आडवी रेघ वापरली तर काही नोंदी तारीख समजल्या जाण्याचा धोका असतो. खालची रेघ घातली की किल्ली नेहमी मजकूरच राहते, आणि ‘संख्या विरुद्ध मजकूर’ हा नेहमीचा घोळही त्याबरोबर टळतो. यानंतर खातेवहीच्या प्रत्येक ओळीपुढे ती किल्ली तक्त्यात किती वेळा आढळते, हे मोजणारा एक रकाना घातला. समजा किल्ली C रकान्यात आहे, तर:

```
=COUNTIF(Map!$A:$A,C2)
```

उत्तर १ आले पाहिजे. ० म्हणजे गळती, २ म्हणजे दुहेरी मोजणी. जुन्या तक्त्यावर लेखाशीर्षापुरती का होईना, ही एक चाचणी लावली असती, तर 5610 पुढे ० आणि 5410 पुढे २ लगेच दिसले असते. बाब शोधण्यासाठी VLOOKUP वापरणाऱ्यांनी त्याचा चौथा घटक FALSE लिहिलाच पाहिजे. तो सोडला तर सूत्र जवळपासची किल्ली घेऊन गप्प बसते, आणि नसलेल्या जोडीलाही कुठलीतरी बाब मिळते. त्रुटी दाखवणारे सूत्र परवडले.

बाब न मिळालेल्या जोडीचे काय करायचे, हा निर्णयही आधीच घ्यावा लागतो. येथे अशा रकमा गाळल्या जात नाहीत, तर ‘Z99 अवर्गीकृत’ या नावाने अहवालाच्या तळाशी सर्वांना दिसतील अशा छापल्या जातात, आणि Z99 शून्य झाल्याशिवाय महिना बंद करता येत नाही. घसाऱ्यासारखी लेखाशीर्षे, जी अंदाजपत्रकात नाहीत पण खातेवहीत राहणारच, त्यांना ‘N00 अंदाजपत्रकाबाहेर’ अशी स्पष्ट बाब दिली आहे. रिकामा रकाना आणि ‘विचारपूर्वक बाहेर ठेवले’ यांत फरक आहे. दोन्ही कोरे ठेवले तर तो ओळखता येत नाही.

मालमत्ता खरेदीसाठी 1510 व 90 ही जोडी B50 ला जोडली, पण येथे खात्याची शिल्लक वापरून चालत नाही. तिमाहीत जुना संगणक विकला आणि त्याची मूळ किंमत 1510 मधून कमी झाली, तर B50 चा खर्च तितकाच कमी दिसेल, जे चूक आहे. म्हणून अहवालासाठी फक्त खरेदीच्या प्रकारच्या नोंदी घेतल्या जातात. विक्रीच्या नोंदी घेतल्या जात नाहीत, आणि संचित घसाऱ्याचे 1519 हे लेखाशीर्ष तर अहवालाच्या व्याप्तीतच नाही.

एवढे झाल्यावर पहिल्या तिमाहीचा अहवाल पुन्हा काढला. वेतन ९००, कार्यशाळा २९९, क्षेत्रभेटी १५०, कार्यालय २२१ आणि उपकरणे १२०, मिळून १,६९०. तेरजेतील खर्च १,६००. त्यातून अंदाजपत्रकाबाहेरचा घसारा ३० वजा केला आणि मालमत्ता खरेदी १२० मिळवली की १,६९० येतात. या तीन आकड्यांचा पूल प्रत्येक अहवालाच्या तळाशी आपोआप छापला जातो. अंदाजपत्रकाची एकूण रक्कम तेरजेइतकी येणार नाही आणि यावीही लागत नाही; दोहोंतला फरक नेहमी त्याच, नाव असलेल्या कारणांनी भरून निघाला म्हणजे झाले. प्रशिक्षण विभागाची २८ ची उचल कार्यशाळेच्या बाबीपुढे ‘हिशेब यायचे’ या वेगळ्या रकान्यात येते, प्रत्यक्ष खर्चात मिसळत नाही. विभागप्रमुखांना त्यांचा ३२७ चा आकडा दोन रकान्यांच्या बेरजेत मिळतो. त्यासाठी उचल देतानाच व्हाउचरवर खर्च केंद्र आणि बाब लिहिणे सक्तीचे केले आहे, कारण उचलीच्या 1320 या लेखाशीर्षावरून बाब कधीच ठरणार नाही. तिसरा रकाना या एका ठिकाणी पत्करावा लागला.

सगळ्या केंद्रांसाठी एकच ओळ लिहिण्याची सोय का टाळली, ते दुसऱ्या तिमाहीत कळले. पहिल्या तिमाहीअखेर मानधनाच्या न आलेल्या बिलापोटी २२ चा अदत्त खर्च 5510 व 10 वर धरला होता. वरच्या ११० मध्ये तो आहे. पुढील महिन्यात त्याची उलट नोंद करताना केंद्र 90 पडले, बहुधा प्रणालीने मूळ केंद्र न उचलता पूर्वनिर्धारित केंद्र घेतल्यामुळे. 5510 व 90 ही जोडी तक्त्यात नव्हती, त्यामुळे वजा २२ ही रक्कम Z99 मध्ये येऊन उभी राहिली आणि त्याच दिवशी दुरुस्त झाली. ‘5510, सर्व केंद्रे’ अशी ओळ असती तर मानधनाचा हा उणे आकडा मुकाट्याने कार्यशाळांत मिसळला असता, एकूण बरोबर आली असती आणि केंद्रनिहाय अहवाल मात्र चुकला असता. तक्ता थोडा लांब झाला तरी चालेल, पण ज्या जोड्या असू नयेत त्या त्याने अडवल्या पाहिजेत.

तक्ता काळानुसार बदलतो, म्हणून प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन तारखा दिल्या आहेत. १ जुलैपासून कार्यालयीन छपाई कार्यालयाच्या बाबीतून काढून नव्या B45 मध्ये न्यायची होती. जुन्या ओळीची ‘पर्यंत’ तारीखही चुकून १ जुलैच लिहिली गेली, आणि त्या एका दिवसाच्या नोंदी दोन्ही बाबींत मोजल्या गेल्या. तारखा दोन्ही टोकांना धरूनच मोजल्या जातात, म्हणून जुनी ओळ ३० जूनला संपली पाहिजे. तोवर अहवाल डेटाबेसमधून काढला जाऊ लागला होता. बाब न मिळालेल्या जोड्या दाखवणारी तेथील चाचणी अशी आहे:

```
SELECT g.account, g.cost_centre, SUM(g.amount)
FROM ledger g
LEFT JOIN map m
  ON  m.account = g.account
  AND m.cost_centre = g.cost_centre
  AND g.post_date BETWEEN m.valid_from AND m.valid_to
WHERE m.budget_line IS NULL
GROUP BY g.account, g.cost_centre;
```

येथे LEFT JOIN ऐवजी नुसते JOIN लिहिले तर बाब नसलेल्या ओळी निकालातूनच नाहीशा होतात आणि चाचणी कायम ‘सर्व ठीक’ असे सांगत राहते. ही चाचणी तारखांमधील पोकळी पकडते, पण आच्छादन पकडत नाही. एक दिवस दोनदा मोजला गेला असेल तर येथे काहीच दिसत नाही. ते पकडण्यासाठी जोडणीनंतरची एकूण रक्कम जोडणीपूर्वीच्या रकमेशी ताडून पाहण्याची स्वतंत्र चाचणी ठेवली आहे, आणि जुलैमधील चूक तिनेच दाखवली. नवे लेखाशीर्ष किंवा नवे केंद्र उघडण्याच्या अर्जावर आता बाबीचा रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय ते उघडले जात नाही.

बंद केलेल्या महिन्यात मागील तारखेची नोंद करता येणे हे जुळणी बिघडण्याचे आणखी एक कारण होते. अहवाल छापून गेल्यावर कोणी जुन्या तारखेचे व्हाउचर घातले, की तक्ता निर्दोष असूनही दोन अहवाल वेगळे दिसतात. महिना बंद होताच प्रणालीत त्या कालावधीला कुलूप लावले जाऊ लागल्यावर हे थांबले.

या रचनेला जे दिसत नाही ते असे: कार्यशाळेला गेलेल्या कर्मचाऱ्याचा १२ चा प्रवास चुकून केंद्र 20 वर नोंदला गेला, तर जोडी वैध आहे, Z99 शून्य आहे, पूल जुळतो, आणि तरीही कार्यशाळांचा खर्च १२ ने कमी व क्षेत्रभेटींचा १२ ने जास्त आहे. बेरजेची चाचणी सर्व रकमा आल्या की नाही एवढेच सांगते. त्या योग्य ठिकाणी आल्या का, ते ती सांगू शकत नाही. म्हणून दर महिन्याला विभागप्रमुखांकडे त्यांच्या बाबीचा एकूण आकडा न पाठवता त्यामागील व्हाउचरची यादी पाठवली जाते, तपशील आणि रकमेसह. आपण न केलेला प्रवास यादीत दिसला की माणूस लगेच बोलतो; आपण केलेला प्रवास यादीत नसेल तर मात्र तो सहसा बोलत नाही, त्यामुळे उणीव शोधण्यासाठी दौऱ्यांच्या मंजुरीची नोंदवही यादीशेजारी ठेवून पाहावी लागते. हे काम हातानेच होते.

पुढे एका निधीदात्याने स्वतःच्या बाबींनुसार आणि स्वतःच्या आर्थिक वर्षानुसार अहवाल मागितला. त्यासाठी वेगळा तक्ता न करता त्याच तक्त्यात प्रत्येक जोडीपुढे निधीदात्याच्या बाबीचा दुसरा रकाना जोडला. त्यांच्या एका बाबीत मात्र दोन प्रशिक्षण उपक्रम वेगळे मागितले होते आणि खातेवहीत दोन्ही केंद्र 10 खालीच होते. टक्केवारी लावून भागवावे अशी सूचना पुन्हा पुढे आली. त्या निधीचा करार सुरू होण्याच्या दिवसापासून केंद्र 11 आणि 12 उघडण्यात आली आणि त्यांच्या जोड्या संस्थेच्या रकान्यात B20 लाच जोडण्यात आल्या. करारापूर्वीचा खर्च उपक्रमनिहाय देता येणार नाही, असे निधीदात्याला लेखी कळवण्यात आले.